लेखकासाठी एक, संपादकांसाठी एक

एकसष्टाव्या वर्षी मी एक मूर्खपणा केला. लहान होते. मुदतीआधी निवृत्त होऊन उणंपुरं वर्ष झालं होतं, गुडघे अजून माझं ऐकत होते, आणि निरोपसमारंभात शालीबरोबर 'आता आपल्याला सगळं कळतं' असा जो एक भ्रम फुकट मिळतो, तो पांघरून मी हिंडत होते. त्या बाईची आता मला दया येते. हसूही येतं.

एका लेखाबद्दल माझ्याकडे दोन मतं होती, एक गोड आणि एक खरं. गोड मत मी लेखकाला कळवलं. खरं मत त्याच्यापासून लपवून संपादकांना कळवलं. आणि काय नाजूकपणे वागलो आपण, म्हणून दुपारी निवांत झोपले.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. दिल्लीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. आमच्यात कुठल्याही संशोधन-नियतकालिकात लेख छापण्याआधी तो त्याच विषयातल्या दोघांना वाचायला देतात. याला रिव्ह्यू म्हणतात. लेखकाचं नाव आम्हाला सांगत नाहीत, आमचं नाव लेखकाला सांगत नाहीत. पैसा मिळत नाही, मान मिळत नाही, तरी आम्ही ते करतो, कारण दुसऱ्याच्या लिखाणात चुका काढण्यासारखं सुख नाही. हल्ली हे सगळं वेबसाइटवर चालतं. तिथे दोन चौकटी असतात. एकीत लेखकासाठी शेरा लिहायचा, दुसरीत फक्त संपादकांसाठी, गुप्त. खाली एक यादी असते, त्यातलं एक निवडायचं: जसाच्या तसा छापा, किरकोळ दुरुस्त्या, मोठ्या दुरुस्त्या, नामंजूर.

तो लेख दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या मराठी बौद्ध कुटुंबांवर होता. विदर्भातून, मराठवाड्यातून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेली माणसं, आणि सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर घेत मोठी झालेली त्यांची मुलं. लेखक स्वतः अशाच घरातला होता. तसं त्याने एका परिच्छेदात लिहिलंच होतं. दिल्लीत मराठी आडनाव ऐकलं की शेजारीण पहिला प्रश्न विचारते, "गणपती कब बिठा रहे हो?" आमच्याकडे बसतो. त्यामुळे पस्तीस वर्षांत मला तो प्रश्न कधी प्रश्न वाटलाच नव्हता, मी आपली तारीख सांगायची आणि मोदकाचं आमंत्रण द्यायचं. या लेखकाने नेमका तोच प्रश्न उचलला होता. ज्या घरात गणपती बसत नाही, ते घर काय उत्तर देतं? कोणी म्हणतं, गावी बसतो. कोणी हसून विषय बदलतं. कोणी सरळ सांगतं की आम्ही बौद्ध आहोत, आणि मग चहा गार होईपर्यंत समजावत बसतं. बुद्धाची तसबीर बैठकीत लावायची की आतल्या खोलीत, ती कुठल्या बदलीनंतर आत गेली आणि कुठल्या बढतीनंतर परत बाहेर आली, हे त्याने घराघरांतून टिपलं होतं. वाचताना मी दोनदा चष्मा काढून ठेवला. मी लक्ष्मीबाई नगरात मुलीच्या क्वार्टरमध्ये बसून ते वाचत होते, आणि भिंतीपलीकडचं घर पहिल्यांदा पाहत होते.

पण लेखात भोकंही होती, आणि मोठी होती. इतक्या घरांमध्ये जाऊन तो बायकांपैकी बोलला होता फक्त चौघींशी, तेही नवरे समोर बसलेले असताना. जनगणनेत लिहिलेला धर्म, अल्पसंख्याक म्हणून मिळालेला दर्जा आणि अनुसूचित जातीचा दाखला या तीन वेगळ्या गोष्टी त्याने एकाच पातेल्यात शिजवल्या होत्या. कायद्याने बौद्ध हे अल्पसंख्याक आहेत, आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्याला जातीचा दाखलाही मिळतो; एकाच माणसाच्या फायलीत हे दोन्ही कागद असू शकतात, आणि कुठला कागद कुठे दाखवायचा यातच तर खरी गोष्ट होती. ती निसटली होती. शेवटच्या पानावर तर तो दोन सरकारी वसाहतींवरून थेट 'दिल्लीतील सर्व धार्मिक अल्पसंख्याक' असं म्हणून मोकळा झाला होता. दिल्लीतले ख्रिश्चन, शीख, मुसलमान, जैन बसले असते पोटभर हसत.

हे सगळं मी लेखकाच्या चौकटीत लिहायला हवं होतं. तेवढ्यासाठीच ती चौकट असते.

मी तिथे लिहिलं: अत्यंत संवेदनशील आणि महत्त्वाचा लेख. भाषा ओघवती. अभिनंदन. आणि भोकं सगळी मोजून गुप्त चौकटीत घातली, खाली 'मोठ्या दुरुस्त्या' निवडलं, आणि बटण दाबलं.

का केलं, ते सांगते, यात लाजण्यासारखं आहे म्हणूनच सांगते. माझ्या मनात आलं, आपण कोण? आपल्या घरात गणपती बसतो, आडनाव सांगितलं की जात विचारावी लागत नाही. आपण या पोराच्या लेखात चुका काढल्या आणि उद्या कळलं, तर लोक काय म्हणतील? म्हणजे बघा, मला त्याची काळजी नव्हती, माझ्या अब्रूची होती. दुसऱ्याच्या घरी जेवताना "वा, काय चव आहे" म्हणायचं आणि रिक्षात बसल्यावर "मीठ कुठे होतं?" म्हणायचं, ही आमच्या घराण्याची रीत. ती मी शास्त्रात आणली. कोणा ब्राह्मणाचा लेख असता तर मी त्याला पहिल्याच ओळीत सोलून ठेवलं असतं, आणि त्यालाच बरोबरीची वागणूक म्हणतात. या मुलाला मी पाहुण्यासारखं वागवलं.

दीड महिन्याने संपादकांचा निर्णय आला. लेखकाला जातं त्या पत्राची प्रत आम्हालाही येते, दोन्ही रिव्ह्यूंसकट. निर्णय: नामंजूर. 'दोन्ही परीक्षकांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत.' खाली परीक्षक एक, म्हणजे मी: अत्यंत संवेदनशील, ओघवती, अभिनंदन. खाली परीक्षक दोन, सगळ्या मिळून सहा ओळी. त्यातली एक मला अजून पाठ आहे: लेखक स्वतः याच समाजाचा असल्याने त्याच्या वस्तुनिष्ठतेविषयी शंका राहते.

रात्रीच्या भाजीला मेथी निवडत मी हे मुलीला सांगितलं. ती मंत्रालयात अधिकारी आहे, माझ्यापेक्षा कमी शिकलेली आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शहाणी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आई, तू फायलीतल्या नोटिंगमध्ये एक लिहिलंस आणि पत्रात दुसरं पाठवलंस," ती म्हणाली. "आमच्याकडे हे रोज होतं. पण आम्हाला त्याचा पगार मिळतो."

मी म्हटलं की मी 'मोठ्या दुरुस्त्या' म्हटलं होतं, 'नामंजूर' नाही. ती म्हणाली, कागदावर काय दिसतंय ते बघ. कागदावर एका बाजूला लाडू दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला लाथ, आणि लेखकाला कळायला मार्ग नव्हता की काय दुरुस्त करावं.

आठवड्याने संपादकांनी मला एक पत्र पुढे पाठवलं. लेखकाचं होतं, नाव काढून टाकलेलं. त्याने विचारलं होतं: परीक्षक एक यांनी फक्त कौतुक केलं आहे, मग त्यांचा गंभीर आक्षेप कुठला? परीक्षक दोन यांचा आक्षेप माझ्या जन्मावर आहे, तो मी कसा दुरुस्त करू? आणि शेवटी, विनवणीचा सूर नसलेलं एक साधं वाक्य: एक लेख प्रसिद्ध झाल्याशिवाय मला प्रबंध सादर करता येत नाही, म्हणून कारण कळावं ही अपेक्षा आहे. तेव्हा पीएचडीला तसा नियम होता.

पत्राच्या वर संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, की यावर काही करायची गरज नाही, आपल्या माहितीसाठी फक्त.

माहितीसाठी म्हणे. मी फोन उचलला.

संपादक म्हणजे माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान प्राध्यापक, एका विद्यापीठातले, गोड हिंदी बोलणारे. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले की निर्णय झाल्यावर तो फिरवण्याची पद्धत नाही, दुसरे परीक्षक फार ज्येष्ठ आहेत, विषय नाजूक आहे, आजकालचा माहौल आपण जाणताच. मी म्हटलं, माहौल मी जाणते, पण मी निवडलं होतं 'मोठ्या दुरुस्त्या', ते आपण 'नामंजूर' कसं वाचलंत? ते म्हणाले, मॅडम, तुमचे गुप्त शेरे वाचले की तसंच वाटतं. तेही खरं होतं. माझीच धार माझ्या हातावर आली होती.

मग मी म्हटलं, ते शेरे लेखकाला पाठवा, माझी परवानगी आहे. ते म्हणाले, गुप्त चौकटीतलं तसं पाठवता येत नाही, आणि पाठवायचंच असेल तर जरा नरम करून द्या. 'पातेल्यात शिजवलं' वगैरे काढा. अल्पसंख्याक लेखकाला असं लिहिलेलं बरं दिसणार नाही.

तिथे माझं डोकं फिरलं. कारण अगदी हेच वाक्य दोन महिन्यांपूर्वी माझ्या डोक्यात होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती घाणेरडं वाटत होतं.

"सर," मी म्हटलं, "उसे मत बचाइए. उसे बताइए. बचा तो हम अपने आप को रहे हैं."

ते काहीतरी म्हणायला गेले. मी तेवढ्यात पुढचं बोलून घेतलं. दुसऱ्या परीक्षकांच्या त्या ओळीवर माझी लेखी हरकत आहे, म्हटलं. माझा स्वतःचा प्रबंध माझ्या आजोळच्या गावावर, माझ्याच मावश्या-माम्यांच्या मुलाखतींवर आहे. माझ्या वस्तुनिष्ठतेविषयी तेव्हा कोणाला शंका आली नाही. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, की गावी राहण्या-जेवणाची सोय झाली ना? आपल्या नियतकालिकात आपल्याच जातीवर लिहिणारे कितीजण मी तपासलेत, एकालाही हे विचारा असं मला कोणी सांगितलं नाही. हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा असेल तर विचारू या, सुरुवात माझ्यापासून. एकट्यालाच विचारायचा असेल तर मी संपादक मंडळाला पत्र लिहिते, आणि त्यात माझ्या दोन्ही चौकटी जोडते. माझी अब्रू जाईल ती जाईल. एकसष्ट वर्षं वापरली आहे, तशी जुनीच झाली आहे.

शेवटचं वाक्य मी बोलले नव्हते बहुतेक. आता सांगताना सुचलं. पण धमकी दिली होती, ते नक्की.

ते म्हणाले की विचार करून सांगतो. चार दिवसांनी सांगितलं की लेख नव्याने सादर झालेला धरू, दुसरे परीक्षक बदलू, आणि तुम्ही तुमचा पूर्ण अहवाल द्या. लेखकाच्या चौकटीत, असं त्यांनी मुद्दाम म्हटलं.

तो अहवाल लिहायला मला नऊ दिवस लागले. चुका काढायला वेळ लागत नाही, माझा त्यात हात बसलेला आहे. वेळ लागला कौतुकाला. 'ओघवती भाषा' हे कौतुक नसतं, ती लाच असते. काय चांगलं आहे आणि का चांगलं आहे, हे पानाच्या क्रमांकासकट लिहायचं, म्हणजे दुरुस्त करताना लेखकाच्या हातून तेच मोडायचं नाही. तसबिरींचा भाग या लेखाचा कणा आहे, तो कापू नका, उलट वर आणा, असं लिहिलं. गणपतीच्या प्रश्नाबद्दल लिहिलं की हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि मला तो आजवर दिसला नव्हता. मग पुढे चुका, एकही नरम न करता, पण प्रत्येकीच्या शेजारी वाट दाखवून: बायकांशी एकट्याने बोला, दुपारी जा, नवरे ऑफिसात असताना, आणि शक्य असेल तर एखादी बाई सोबत न्या. तीन कागद वेगळे करा आणि प्रत्येक घर कुठे कुठला कागद काढतं ते दाखवा. शेवटचं पान जाळा. तुमच्याकडे दोन वसाहतींचं सोनं आहे, त्याला दिल्लीभराचा मुलामा नको. 'पातेल्यात शिजवलं' तसंच ठेवलं.

आणि एक सूचना मी भित्रेपणाने केली. शहाणपण असं एका पत्राने थोडंच येतं. मी लिहिलं की स्वतःच्या कुटुंबाविषयीचा परिच्छेद तळटीपेत न्यावा, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही.

चार महिन्यांनी लेख परत आला, सोबत माझ्या एकेका मुद्द्याला उत्तर. तो पुन्हा घरोघर गेला होता, बहिणीला घेऊन, दुपारी. नवऱ्यांनी सांगितलं होतं की नोकरीत त्रास होईल या भीतीने आम्ही विषय टाळतो. बायकांनी दुपारी वेगळंच सांगितलं. एकीचं बोलणं त्याने जसंच्या तसं दिलं होतं: "भीती कसली? दर बदलीला नवी शेजारीण, दर शेजारणीला तोच धडा पहिल्यापासून. मला कंटाळा येतो हो. गावी बसतो म्हटलं की भाजी फोडणीला टाकायला मोकळी." या एका कंटाळ्याने अख्खा लेख उलटा झाला होता. पहिल्या खर्ड्यातली दबलेली माणसं गेली होती. त्यांच्या जागी समजावून समजावून वैतागलेली, आपण कोण आहोत हे पक्कं माहीत असलेली माणसं आली होती.

माझ्या सगळ्या सूचना त्याने घेतल्या होत्या, तळटीप सोडून. तिथे त्याचं उत्तर असं होतं: हा परिच्छेद मी हलवणार नाही. मी कोण आहे हे वाचकाला आधी कळलं तर तो माझं काम तपासून पाहू शकेल. तळटीपेत नेला तर मी माझीच तसबीर आतल्या खोलीत नेल्यासारखं होईल.

मी शेरा लिहिला: लेखकाचं बरोबर आहे, परीक्षकाचं चुकलं. दुसऱ्या चौकटीत लिहिलं: वरीलप्रमाणेच. नव्या परीक्षकाने किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या, लेख छापून आला. संपादकांनी त्यानंतर मला वर्षभर एकही लेख पाठवला नाही. मला बरंच झालं. नातीबरोबर पत्ते खेळायला वेळ मिळाला, तीही लबाड आहे, तिचं तिला तोंडावर सांगावं लागतं.

पुढे दीड-दोन वर्षांनी एका विद्यापीठात चर्चासत्र होतं. एक उंच, हडकुळा मुलगा उभा राहिला आणि त्याने तोच लेख वाचला. मी तिसऱ्या रांगेत बसून पदराने तोंड झाकलं, कारण मला हसू फुटत होतं आणि रडूही. वाचून झाल्यावर मागून एका गृहस्थांनी विचारलं की आपण याच समाजाचे असताना अंतर कसं राखलंत. तो म्हणाला, पान दोनवर लिहिलंय, आणि आपण कुठल्या समाजाचे आहात तेही सांगा, म्हणजे प्रश्न नीट कळेल. सभागृहात दोन-तीन टाळ्या पडल्या. त्यातल्या दोन माझ्या होत्या.

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. मराठीत बोलले तसा खुलला. माझं नाव त्याला माहीत नव्हतं, आणि आपण कोण ते सांगायचं नाही हा या धंद्यातला नियम. तो मी पाळला, पण खोडी काढायची राहावेना. मी अगदी भोळा चेहरा करून विचारलं की इतका चांगला लेख, छापायला फार वेळ नाही ना लागला? तो म्हणाला, लागला, त्यात प्रबंध मागे पडला, आणि त्या वर्षी एका कॉलेजात जागा निघाली होती ती गेली. आता दुसरीकडे तासिकेवर शिकवतो. मला हे माहीत नव्हतं. कप हातात होता तो मी खाली ठेवला. मग तरीही, आणखी एकदा लबाडी करून, म्हटलं की त्या पहिल्या परीक्षकाने शेवटी मदत केली असं ऐकते, तो भेटला तर आभार मानशील की नाही?

त्याने बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला, तो मोडेपर्यंत बघत राहिला, आणि म्हणाला:

"नाही मॅडम, आभार नाही मानणार. त्यांनी दुसऱ्या वेळी जे लिहिलं ना, ते फार चांगलं होतं, इतकं नीट मला माझ्या गाईडनेही कधी वाचलं नव्हतं. पण ते सगळं त्यांना पहिल्या वेळीच दिसलं असणार. मग पहिल्या वेळी का नाही सांगितलं? तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्यांना सांगा, आम्हाला सांभाळून घेऊ नका, आमचं काम तपासा."